मधल्या सुट्टीतल्या सात सह्या

मंडळी, दुसऱ्याच्या कर्जाला जामीन राहण्याविषयी बोलायचंय. कलमांपासूनच सुरुवात करायची होती, पण आधी स्टाफरूममधला प्रसंग सांगतो.

वीस वर्षं एका डब्यात जेवलेला माझा मित्र. मुलाच्या दुकानासाठी सहकारी बँकेतून पाच लाख काढत होता. मधल्या सुट्टीत कागद घेऊन आला. मी हात धुतला आणि पेन्सिलीने फुल्या मारल्या होत्या तिथे सात सह्या केल्या. "अरे, नुसती फॉर्मॅलिटी आहे," तो म्हणाला, आणि ते त्याला खरंच वाटत होतं. त्याने मला फसवलं नाही, हे मी आजही सांगतो. दुकान चाललं नाही, हप्ते थांबले आणि संकोचापायी तो माझ्याशी बोलेनासा झाला. डबाही वेगळा खाऊ लागला. मला वाटलं, माझंच काही चुकलं.

खरं कारण कळलं ते मी घरासाठी कर्ज मागायला गेलो तेव्हा. साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. माझ्या सिबिल अहवालात ते खातं होतं, पुढे 'गॅरंटर' आणि नव्वद दिवसांवर थकबाकी. बिल्डरला टोकन देऊन झालं होतं. माझा स्वतःचा एकही हप्ता कधी चुकलेला नव्हता, हो!

अध्यक्षांची चिठ्ठी आलीय, दहाच मिनिटं उरलीत. तर मुद्द्याचं.

कर्ज थकलं नसतं तरी फटका होताच. पाच लाख, चौदा टक्के, पाच वर्षं, म्हणजे हप्ता सुमारे 11,600. माझा पगार साठ हजार. बँक निम्मा पगार हप्त्यांना धरते असं समजा, म्हणजे तीस हजार. नऊ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी त्यावर साधारण 33 लाख मिळतात. काही बँका जामीनदारीचा हप्ता यातून वजा करतात. मग उरतात साडेवीस लाख. पाच लाखांची सही, घराचे जवळपास तेरा लाख कमी!

दुसरं, "आधी त्याच्याकडून वसूल करा" असं बँकेला म्हणता येत नाही. 1872 च्या करार कायद्याचं कलम 128 सांगतं की वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. सहकारी बँक महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम 101 खाली वसुली दाखला घेते, त्यात जामीनदाराचंही नाव असतं, आणि पगारापर्यंत हात पोचतो. तुम्हाला न विचारता अटी बदलल्या तर करार कायद्याचं कलम 133 सोडवतं खरं, पण छापील फॉर्ममध्ये "बदलांना माझी संमती आहे" हे वाक्य बहुधा आधीच असतं. चालू कर्जातून नुसतं पत्र देऊन बाहेरही पडता येत नाही. बँकेने दुसरा जामीनदार स्वीकारावा लागतो.

आणि भरावेच लागले तर रोख मित्राच्या हातात देऊ नका. थेट कर्जखात्यात भरा, पावतीवर 'जामीनदाराकडून' असं लिहून घ्या. करार कायद्याच्याच कलम 145 नुसार ती रक्कम मित्राकडून मागता येते. सगळं कर्ज फेडलंत तर कलम 140 नुसार बँकेचे हक्क तुमच्याकडे येतात, त्याने काही तारण दिलं असेल तर तेही. माझ्याकडे त्या पावत्या आहेत, हव्या असतील तर नंतर दाखवतो.