संकल्प : गिरगावातल्या पूजेचा पत्ता

(दृश्य : गिरगावातली चाळ, गणेश चतुर्थीची पहाट. दारात चपलांचा ढीग. आत मखर, चौरंगावर गणपती, समोर पाट.)

गणेश चतुर्थीला मुंबईत भटजी मिळणं हे लोकलच्या डब्यात खिडकी मिळण्याइतकंच नशिबाचं. ज्यांना पहाटेची वेळ मिळते ते तक्रार करत नाहीत, चार वाजता उठून आंघोळ उरकतात. यजमान पाटावर बसले आहेत, बायको उजवीकडे. पुढ्यात तांब्याचं पंचपात्र, पळी आणि ताम्हण. दोनदा आचमन झालं, प्राणायाम झाला, देवांना आणि वडीलधाऱ्यांना नमस्कार झाले. आता गुरुजी म्हणतात, "उजव्या हातात पाणी घ्या, अक्षता घ्या." बायको नवऱ्याच्या हाताला हात लावते.

आणि मग एक लांबलचक संस्कृत वाक्य सुरू होतं. घरातले बहुतेक जण या वेळी मोदकांचा वास घेत असतात किंवा फोनवर फोटो काढत असतात. पण अख्ख्या पूजेत आपल्या घराबद्दल, आजच्या दिवसाबद्दल काही सांगणारं वाक्य हेच. बाकीचे मंत्र दरवर्षी आणि सगळ्या घरांत सारखेच. संकल्प मात्र दरवर्षी नवा करावा लागतो.

(दृश्य : हाताच्या ओंजळीतलं पाणी, अक्षता. जवळून.)

सुरुवात फार लांबून होते. "अद्य ब्रह्मणो द्वितीये परार्धे", म्हणजे ब्रह्मदेवाच्या आयुष्याचा दुसरा अर्धा भाग. पन्नास वर्षं झाली, एक्कावन्नाव्याचा पहिला दिवस चालू आहे. त्या दिवसाचं नाव श्वेतवाराहकल्प. त्यात चौदा मनू, त्यांतला सातवा, वैवस्वत. त्याच्या काळातली एकाहत्तर महायुगं, त्यांतलं अठ्ठाविसावं. त्यातलं कलियुग, आणि कलियुगाचा पहिला चरण. हा भाग कुणालाही बदलावा लागत नाही. कलियुग ४,३२,००० वर्षांचं मानलं आहे, त्याचा एक चरण १,०८,००० वर्षांचा, आणि २०२५ च्या चतुर्थीपर्यंत त्यातली ५,१२६ वर्षं सरली होती. तेव्हा "प्रथमचरणे" हा शब्द आपल्या पणतवंडांनाही निर्धास्त वापरता येईल.

काळ सांगून झाला की जागा. जंबुद्वीप, भरतवर्ष, भरतखंड, दक्षिणापथ, मग "रामक्षेत्रे, बौद्धावतारे, दंडकारण्ये देशे, गोदावर्याः दक्षिणे तीरे".

इथे गिरगावातल्या माणसाने जरा थांबावं. गोदावरीचा दक्षिण तीर? गोदावरी त्र्यंबकेश्वरला ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि पूर्वेकडे जाते, पार बंगालच्या उपसागरापर्यंत. मुंबई सह्याद्रीच्या अलीकडे, अरबी समुद्रात पाय टाकून बसलेली. गोदावरीचा एक थेंबही इकडे येत नाही. पण हा तीर घाटाच्या पायऱ्यांचा नाही. देश ओळखायला मोठ्या नद्यांच्या खुणा धरल्या, आणि त्यांच्या कुठल्या बाजूला आपण आहोत ते सांगायचं. मुंबई अक्षांशाने त्र्यंबकच्या जवळजवळ एक अंश खाली आहे, म्हणून दक्षिण तीर. नाशकात पंचवटीत बसलेला माणूस हेच वाक्य "उत्तरे तीरे" असं म्हणतो. आणि पूजेच्या पुस्तकात जे छापलं असेल तेच वाचणारा माणूस, पंचवटीत असो की परळला, दक्षिण तीरावरच राहतो.

याच मुंबईत शेजारच्या गुजराती घरात जागेबरोबर वर्षही वेगळं निघतं. आपण शालिवाहन शक सांगतो, चैत्रात बदलणारा. ते विक्रम संवत सांगतात, कार्तिकात बदलणारा. एकाच जिन्यावर दोन वर्षं नांदतात आणि दोन्ही बरोबर असतात.

(दृश्य : भिंतीवरचं पंचांग. बोट एका ओळीवरून सरकतं.)

आता रिकाम्या जागा. पुस्तकात तिथे "अमुक" छापलेलं असतं, आणि तो अमुक भरण्यासाठी गुरुजींच्या पिशवीत पंचांग असतं. २०२५ ची गणेश चतुर्थी घेऊ : बुधवार, २७ ऑगस्ट.

आधी शक : १९४७. मग संवत्सराचं नाव. साठ नावांचं चक्र आहे, प्रभव पहिलं. आपल्याकडे नाव काढायची रीत सोपी आहे. शकात १२ मिळवायचे, ६० ने भागायचं, बाकी उरेल तो क्रमांक. १९४७ आणि १२ मिळून १९५९. त्याला ६० ने भागलं की बाकी ३९. एकोणचाळिसावं नाव विश्वावसु. म्हणून "विश्वावसुनाम संवत्सरे". पुढे दक्षिणायन, वर्षा ऋतू, भाद्रपद मास, शुक्ल पक्ष, चतुर्थी. सूर्य सिंहेत, चंद्र कन्येत, गुरू मिथुनेत. योग आणि करण यांच्या जागी बरेच गुरुजी सरळ "विष्णुयोगे विष्णुकरणे" म्हणून पुढे जातात, म्हणजे दोन्ही विष्णूच्या नावाने. त्या दिवशी ही सोय कामाला आली असणार, कारण चतुर्थी संपेपर्यंत करण होतं विष्टी, म्हणजे ज्याला लोक भद्रा म्हणून नाकं मुरडतात ते.

उरले वार आणि नक्षत्र, आणि आपल्या पहाटेच्या पूजेची खरी गंमत इथेच आहे. पंचांगाचा वार मध्यरात्री बदलत नाही, सूर्योदयाला बदलतो. त्या दिवशी मुंबईचा सूर्योदय साधारण ६ वाजून २३ मिनिटांनी होता. म्हणजे साडेचारला पाटावर बसलेल्या यजमानांचं कॅलेंडर बुधवार दाखवत होतं, पण पंचांगाने मंगळवार अजून संपलेला नव्हता, आणि नक्षत्रही हस्तच होतं. चित्रा लागली सहाच्या सुमाराला. काटेकोर माणूस साडेचारला "भौमवासरे, हस्तनक्षत्रे" म्हणेल आणि दुपारी दुसऱ्या घरी "सौम्यवासरे, चित्रानक्षत्रे". प्रत्यक्षात धावपळीत सगळीकडे बुधवारच म्हटला जातो, कारण चतुर्थीची पूजा ज्या दिवसाची मानली आहे तो बुधवार. मला त्यात फारसं बिघडलेलं दिसत नाही. पण जो गुरुजी पहाटे वार म्हणताना क्षणभर अडखळतो, त्याला आपलं काम येतं असं खुशाल समजा.

या पूजेचा मुख्य काळ मध्याह्न आहे. दिवसाचे पाच भाग केले तर मधला तिसरा. मुंबईत त्या दिवशी तो साधारण ११:२४ ते १:५५ असा होता, आणि चतुर्थी दुपारी पावणेचारपर्यंत होती. म्हणून बुधवार ठरला.

(दृश्य : टेबलावर उभा केलेला फोन. पडद्यावर दुसऱ्या देशातलं घर, तिथेही एक छोटी मूर्ती.)

आता याच घरातला मुलगा न्यू जर्सीत आहे असं धरू, आणि त्याला मुंबईच्या गुरुजींकडून व्हिडिओ कॉलवर पूजा करून घ्यायची आहे. तिथी ही चंद्र आणि सूर्य यांच्यातल्या अंतरावर मोजतात, म्हणून ती जगभर एकाच क्षणी सुरू होते आणि एकाच क्षणी संपते. ही चतुर्थी भारतात मंगळवारी दुपारी दोनच्या थोडी आधी लागली आणि बुधवारी पावणेचारला संपली. न्यू जर्सीचं घड्याळ ऑगस्टात साडेनऊ तास मागे. तिथे ती मंगळवारी पहाटे साडेचारच्या आत लागली आणि बुधवारी सकाळी सव्वासहाच्या सुमाराला आटोपली. बुधवारच्या मध्याह्नाला तिथे पंचमी. चतुर्थीचा मध्याह्न तिथे मंगळवारीच. म्हणजे मुलाने आदल्या दिवशी बसायचं आणि म्हणायचं "भौमवासरे, हस्तनक्षत्रे". जागाही बदलायची. अमेरिकेतले पुरोहित जंबुद्वीपाऐवजी "क्रौंचद्वीपे, रमणकवर्षे, ऐंद्रखंडे" म्हणतात. गुरुजी गिरगावात असले तरी पूजा करणारा जिथे बसला आहे तिथला पत्ता. गोदावरीचा तीर तिथे चालणार नाही.

याहून जास्त घरांत मात्र आज फोनच गुरुजी असतो. ध्वनिमुद्रित पूजा लावायची, ती सांगेल तसं करायचं. सोय चांगली आहे आणि सोळा उपचार त्यात नीट होतात. घोटाळा फक्त संकल्पात होतो. मुद्रण ज्या वर्षी झालं त्याच वर्षाचं संवत्सर त्यात अडकलेलं असतं, नाहीतर तो आवाज "अमुकगोत्रोत्पन्नः अमुकशर्मा" म्हणतो आणि यजमान भक्तिभावाने तेच मागे म्हणतात. अशी पूजा ऐकताना संकल्पाच्या जागी फोन थांबवावा. आपलं नाव, गोत्र, त्या दिवशीचं पंचांग स्वतः म्हणावं. गोत्र माहीत नसेल तर काश्यप म्हणायची वहिवाट आहे. संस्कृत जमत नसेल तर मराठीत सांगावं.

(दृश्य : यजमानांचा चेहरा. गुरुजी थांबत थांबत सांगतात, ते मागून म्हणतात.)

पत्ता झाला की हेतू. "अस्माकं सकुटुंबानां सपरिवाराणां, द्विपदचतुष्पदसहितानां" म्हणजे घरची माणसं आणि गुरंढोरं यांच्यासह, क्षेम, स्थैर्य, आयुष्य, आरोग्य, ऐश्वर्य वाढावं म्हणून. चाळीच्या दोन खोल्यांत चतुष्पाद म्हणजे फार तर जिन्यातली मांजर. पुढे "प्रतिवार्षिकविहितं", दरवर्षी करायची ठरलेली, "पार्थिवसिद्धिविनायकपूजनं". पार्थिव म्हणजे मातीचा. समोर प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती ठेवून हे वाक्य म्हणणारी हजारो घरं मुंबईत आहेत. त्यांनी शाडूचा विचार करायला आणखी एखादं कारण हवं असेल तर ते इथे आहे.

मला या वाक्यातला सगळ्यात मोकळा भाग वाटतो तो "यथाज्ञानेन यथामिलितोपचारद्रव्यैः". जेवढं कळतं तेवढ्याने, जे मिळालं त्या सामानाने. केवडा मिळाला नाही, एकवीस पत्रींतल्या नऊच सापडल्या, दादरच्या बाजारात दूर्वांची जुडी परवडली नाही, हे सगळं पूजा सुरू होण्याआधीच कबूल केलेलं असतं. त्यामुळे पत्री मोजून रडत बसायचं कारण उरत नाही. नाव, जागा, दिवस मात्र "यथामिलित" म्हटलेलं नाही. ते नेमकंच सांगायचं.

शेवटी "करिष्ये". हे यजमानांनी स्वतःच म्हणायचं, गुरुजींनी कितीही भरभर सांगितलं तरी. म्हणताना हातातलं पाणी ताम्हणात सोडायचं. मग गणपतिस्मरण, आसनविधी, कलश, शंख, घंटा या छोट्या कामांचेही संकल्प होतात आणि पाणी पुन्हा पुन्हा पडतं.

या पाण्याला धर्मशास्त्रात एक व्यावहारिक वजन आहे. एखादं कर्म सुरू झालं असं कधी मानायचं, हा प्रश्न सुतकाच्या वेळी फार टोकदार होतो. त्यावर वचन आहे, "आरब्धे सूतकं न स्यादनारब्धे तु सूतकम्". आरंभ झाला असेल तर सुतक अडवत नाही, झाला नसेल तर अडवतं. आणि आरंभ कशाला म्हणायचं तेही पुढे सांगितलं आहे : यज्ञात ऋत्विजांना वरलं की, विवाहात नांदीश्राद्ध झालं की, श्राद्धात स्वयंपाकाला लागलं की, आणि व्रतात संकल्प झाला की. मखर बांधलं, मूर्ती घरी आली, मोदक वळून झाले, तरी व्रताचा आरंभ झाला असं होत नाही. म्हणून मूर्ती आणल्यावर पण संकल्पाआधी गावाहून फोन आला, तर जुनी माणसं शेजाऱ्याला किंवा मेहुण्याला पाटावर बसवतात. पाणी सोडल्यानंतर फोन आला, तर हातातली पूजा पुरी करतात.

(दृश्य : ताम्हणातलं पाणी बाजूला सरकवलं जातं, गुरुजी प्राणप्रतिष्ठेसाठी दूर्वा उचलतात.)

पूजेच्या शेवटी आणखी एकदा पळीभर पाणी सुटतं, "अनेन कृतपूजनेन श्रीसिद्धिविनायकः प्रीयताम्". सुरुवातीला जे करीन म्हटलं ते झालं, आणि ते देवाच्या खात्यावर. तोवर खाली जिन्यात पुढच्या घरचा मुलगा गुरुजींना न्यायला येऊन उभा असतो, आणि तिथे पाटावर बसताना सूर्य उगवलेला असणार. वार बदलून म्हणावा लागेल.