कॉम्प्रेसर बंद पडला तर किती बुडतात?

मंडळी, एअरजेट मागांच्या शेडचं उदाहरण घेऊ. माग बारा, पण हवा पुरवणारा स्क्रू कॉम्प्रेसर एकच. तो थांबला की बाराही माग थांबतात. मालक म्हणतात, "चालतंय ना? मग कशाला उघडायचं? बिघडेल तेव्हा बघू." यात आळसच असतो असं नाही, कधीकधी ते बरोबरही असतात. पण ते ठरवायचं आकड्यांनी.

समजा, दर तीन महिन्यांनी सर्व्हिसिंग केलं, तेल, ऑइल फिल्टर, एअर फिल्टर आणि गरजेनुसार सेपरेटर बदलला, तर वर्षाचे ८० हजार जातात. काम सुट्टीच्या दिवशी उरकतं, म्हणून उत्पादन बुडत नाही. सर्व्हिसिंग टाळून नुसतं तेल भरत राहिलं तर १० हजारांत भागतं. म्हणजे वर्षाला ७० हजार वाचले.

आता दुसरी बाजू. तेल जळून घट्ट झालं की बेअरिंगला वंगण पुरत नाही आणि एअर एंड, म्हणजे हवा दाबणारा स्क्रूंचा मुख्य भाग, जाम होतो. त्याची दुरुस्ती धरा दोन लाख. शेड तीन दिवस, म्हणजे ७२ तास बंद. तासाचं नुकसान काढताना कापडाची पूर्ण किंमत धरू नका. बंद काळात सूत लागत नाही, वीजही लागत नाही. ते दोन्ही वजा करा. पगारी कामगारांची मजुरी त्या उरलेल्या रकमेतूनच जाते, ती वरून पुन्हा मिळवली तर तोच तोटा दोनदा मोजला जातो. तासाला अडीच हजार उरत असतील तर १ लाख ८० हजार. एका बिघाडाची किंमत झाली ३ लाख ८० हजार.

असा बिघाड कितीदा होतो, ते ब्रेकडाउन रजिस्टर सांगेल. पाच वर्षांत तीनदा, म्हणजे वर्षाला ०.६. सर्व्हिसिंगने तो ०.१ वर येतो असं धरू. मग सर्व्हिसिंगशिवाय अपेक्षित खर्च २ लाख २८ हजार अधिक १० हजार, म्हणजे २ लाख ३८ हजार. सर्व्हिसिंगसह ८० हजार अधिक ३८ हजार, म्हणजे १ लाख १८ हजार. फरक सरळ दिसतो.

तीन नोंदींवरून काढलेला ०.६ मात्र फार भरवशाचा नसतो. म्हणून उलटं विचारा: किती किमतीच्या बिघाडापुढे सर्व्हिसिंग परवडतं? बिघाड ०.५ ने घटतात, जादा खर्च ७० हजार. भागाकार १ लाख ४० हजार. एक बिघाड त्याहून महाग असेल तरच सर्व्हिसिंग फायद्याचं.

शेजारी जादा कॉम्प्रेसर तयार असेल तर ७२ तासांचे दोन तास होतात आणि बिघाड २ लाख ५ हजारांवर येतो. सर्व्हिसिंग तरीही जिंकतं, पण वर्षाला जेमतेम साडेबत्तीस हजारांनी.

आणि रजिस्टरमधले ते तीन बिघाड कसले होते, तेही वाचा. कंट्रोलरचं कार्ड व्होल्टेज वरखाली झाल्यानं जळालं असेल तर कितीही तेल बदला, तो आकडा हलणार नाही. तिथे स्टॅबिलायझर बसवा आणि एक कार्ड कपाटात ठेवा.