‘उंच’ म्हणजे नेमके किती उंच? विशेषणांमागचा न बोललेला उंबरठा

नमस्कार. आजच्या व्हिडिओत आपण ‘उंच’ आणि ‘महाग’ या दोन साध्या विशेषणांचा अर्थ नीट उलगडून पाहणार आहोत. सुरुवातीलाच एक उदाहरण घेऊ, कारण पुढचा बराचसा विचार त्याच्याच आधाराने करायचा आहे. मीराची उंची 170 सेंटिमीटर आहे आणि नंदाची 168. आता ‘मीरा नंदापेक्षा उंच आहे’ हे वाक्य खरे आहे, याबद्दल कोणाचेही दुमत होणार नाही. पण ‘मीरा उंच आहे’ हे वाक्य खरे की खोटे, असे विचारले तर लगेच उत्तर देता येत नाही, आणि ‘कोणाच्यात?’ किंवा ‘कशासाठी?’ असा प्रतिप्रश्न विचारावासा वाटतो. दोन्ही वाक्यांत ‘उंच’ हा शब्द अगदी तोच आहे, त्याला कोणताही प्रत्यय लागलेला नाही. तरीही एका वाक्याला संदर्भ लागतो आणि दुसऱ्याला लागत नाही. असे का होते, हाच आपला प्रश्न आहे.

अर्थविचारात या प्रश्नाला दिले जाणारे सर्वांत प्रभावी उत्तर असे आहे, की ‘उंच’ हा शब्द मुळात एखाद्या वस्तूचा गुण सांगतच नाही, तर ती वस्तू आणि मोजपट्टीवरची एक मात्रा यांचा संबंध सांगतो. मात्रा म्हणजे त्या पट्टीवरचा एक बिंदू. ही कल्पना पटण्यासाठी ‘ही भिंत अर्धा मीटर उंच आहे’ हे वाक्य ऐका. यात ‘उंच’ हा शब्द आहे, पण ही भिंत उंच आहे असा दावा या वाक्यात कुठेही नाही, किंबहुना अर्ध्या मीटरच्या भिंतीला कोणी उंच म्हणणारच नाही. ‘अर्धा मीटर’ हे माप मिळाले की ‘उंच’ला हवी असलेली मात्रा मिळते आणि वाक्य पूर्ण होते. ‘मीरा नंदापेक्षा उंच आहे’ या वाक्यात हेच काम ‘नंदापेक्षा’ हा शब्द करतो, कारण तो नंदाच्या उंचीची मात्रा पुरवतो आणि मीराची मात्रा तिच्या पुढे आहे एवढेच आपण सांगतो.

मग ‘मीरा उंच आहे’ या वाक्यात मात्रा कोण पुरवते? शब्दांत तर ती दिसत नाही. म्हणून असे मानतात की तिथे एक न उच्चारलेला घटक असतो आणि तो संदर्भातून एक उंबरठा घेऊन येतो. तो उंबरठा ‘उ’ या अक्षराने दाखवला, तर वाक्याचा अर्थ असा मांडता येईल:

उंची(मीरा) ≥ उ

यातली मीराची उंची संदर्भानुसार बदलत नाही, ती 170 सेंटिमीटरच राहते. बदलतो तो फक्त ‘उ’. म्हणजे संदर्भावर अवलंबून असणे हा ‘उंच’ या शब्दाचाच स्वभाव आहे, असे म्हणणे पुरेसे अचूक नाही. तो स्वभाव, माप किंवा ‘पेक्षा’ जोडलेले नाही अशा एकट्या रूपाचा आहे. हा फरक मला या विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो, म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ देत आहे.

आता हा उंबरठा ठरतो कसा? पहिले उत्तर सहज सुचते ते म्हणजे तुलनावर्ग. ‘वयाच्या मानाने उंच’ असे आपण म्हणतो, तेव्हा कोणाशी तुलना करायची ते उघडपणे सांगतो. सात वर्षांची मुलगी सात वर्षांच्या मुलींच्या मानाने उंच असू शकते आणि प्रौढांच्या मानाने नसू शकते. इथपर्यंत सोपे आहे, पण पुढे दोन अडचणी येतात. एक म्हणजे, विशेषणाशेजारी बसलेले नाम नेहमी तुलनावर्ग ठरवतेच असे नाही. ‘त्याने महाग हिरा घेतला, पण हिऱ्यांच्या मानाने तो महाग नव्हता’ हे वाक्य मुळीच विसंगत वाटत नाही. शेजारी ‘हिरा’ हे नाम असूनही पहिल्या ‘महाग’चा उंबरठा हिऱ्यांवरून आलेला नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. तुलनावर्ग कळला तरी त्यातून उंबरठा कोणत्या गणिताने काढायचा? ‘सरासरीपेक्षा जास्त म्हणजे उंच’ असे उत्तर पुष्कळांना सुचते, पण ते टिकत नाही. पाच जणी आहेत असे समजा. चौघींची उंची 160 सेंटिमीटर आहे आणि पाचवीची 161. सरासरी 160.2 येते, म्हणजे पाचवी सरासरीच्या वर आहे. तरीही या गटाच्या मानाने ती उंच आहे, असे आपण म्हणणार नाही. आता पाचवीची उंची 185 आहे असे समजा, मग मात्र निःशंकपणे म्हणू. ‘तिची उंची सरासरीपेक्षा जास्त आहे, पण ती उंच नाही’ या वाक्यात कोणताही विरोध नाही, यावरूनही हेच दिसते. उंबरठा पार करण्यासाठी नुसते वर असून भागत नाही, उठून दिसावे लागते. ख्रिस्तोफर केनेडी यांनी 2007 मधल्या आपल्या लेखात हीच कल्पना मांडली आहे: संदर्भात उठून दिसण्याइतकी मात्रा असेल तरच एकटे विशेषण लागू पडते. डेलिया ग्राफ फारा यांनी 2000 साली असे दाखवले होते की किती फरक लक्षणीय मानायचा, हे बोलणाऱ्यांच्या हेतूंवरही अवलंबून असते.

या ‘उठून दिसण्या’ची एक नेमकी चाचणी मराठीत फार छान करता येते, कारण आपल्याकडे तुलनेसाठी ‘पेक्षा’ आणि ‘च्या मानाने’ अशा दोन निराळ्या रचना आहेत. पुन्हा मीरा आणि नंदा यांच्याकडे या. ‘मीरा नंदापेक्षा उंच आहे’ हे दोन सेंटिमीटरच्या फरकालाही चालते, अर्ध्या सेंटिमीटरलाही चालेल. पण ‘नंदाच्या मानाने मीरा उंच आहे’ असे म्हणून पाहा. दोनच सेंटिमीटरचा फरक असताना हे वाक्य खटकते. नंदाची उंची 150 असती, तर मात्र ते सहज चालले असते. कारण असे, की ‘च्या मानाने’ ही रचना फक्त तुलनावर्ग बदलते आणि वाक्यात ‘उंच’चे एकटे रूप तसेच राहते. त्यामुळे मीरा एका बाजूला आणि नंदा दुसऱ्या बाजूला पडेल असा उंबरठा दोघींच्या मधे आखावा लागतो. आणि ज्यांच्यात जेमतेम फरक आहे, अशा दोन व्यक्तींमध्ये आपण अशी रेघ ओढायला तयार नसतो. ‘पेक्षा’मध्ये उंबरठाच नसल्यामुळे ही अडचण येत नाही.

याच अनिच्छेतून एक जुने कोडेही निर्माण होते. 190 सेंटिमीटरची व्यक्ती उंच आहे आणि एका मिलिमीटरने काही बिघडत नाही, असे प्रत्येक पायरीवर मान्य करत गेलो तर शेवटी 150 सेंटिमीटरची व्यक्तीही उंच ठरते. त्यातली कोणती पायरी चुकीची, हे बोट ठेवून सांगता येत नाही.

इथे एका प्रतिस्पर्धी सिद्धांताचा उल्लेख करणे न्यायाचे होईल. इवान क्लाइन यांनी 1980 साली उलट बाजूने मांडणी केली. त्यांच्या मते मात्रा मानण्याची गरजच नाही, एकटे रूप हेच मूळ आहे आणि ‘अ हा ब पेक्षा उंच’ म्हणजे ज्यात अ उंच ठरतो आणि ब ठरत नाही, असा एखादा तुलनावर्ग अस्तित्वात असणे. तुलनेसाठी विशेषणाला प्रत्यय न लावणाऱ्या आपल्या भाषेकडे पाहिले की ही मांडणी फार आकर्षक वाटते. पण ती सरळपणे घेतली तर ‘पेक्षा’ आणि ‘च्या मानाने’ यांचे वर्तन सारखेच हवे होते. दोन सेंटिमीटरच्या चाचणीत ते सारखे नाही, आणि म्हणून माझे झुकते माप मात्रांच्या बाजूला आहे.

‘महाग’कडे थोडक्यात पाहू. त्याची पट्टी किमतीची असते, पण ती उंचीच्या पट्टीसारखी थेट माप स्वीकारत नाही. ‘दोन मीटर उंच’ म्हणता येते, परंतु पूर्ण किंमत घालून तसे ‘इतके महाग’ म्हणता येत नाही. आकडा आलाच तर तो ‘इतक्याने महाग’ असा फरक दाखवण्यासाठी येतो. शिवाय इथे हेतूचा वाटा मोठा असतो. एकच शब्दकोश ग्रंथालयाच्या खरेदीत स्वस्त आणि एका विद्यार्थ्याच्या खरेदीत महाग ठरू शकतो, जरी तुलना दोन्ही वेळी इतर शब्दकोशांशीच होत असली तरी.

मात्र प्रत्येक विशेषणाचा उंबरठा असा सरकत नाही. दोन काठ्या समोर ठेवा, दोन्ही आखूडच, पण एक थोडी मोठी. ‘यातली लांब काठी दे’ म्हटले की ऐकणारा मोठी काठी उचलतो, म्हणजे उंबरठा खाली सरकवून घेतो. आता दोन वाकड्या काठ्या ठेवा, त्यातली एक कमी वाकडी. ‘यातली सरळ काठी दे’ म्हटले तर ऐकणारा म्हणेल, ‘यात सरळ एकही नाही’. कमी वाकडी काठी हवी असेल तर ‘त्यातल्या त्यात सरळ’ असे म्हणावे लागते. केनेडी आणि लुईस मॅक्नॅली यांनी 2005 साली याचा संबंध पट्टीच्या रचनेशी जोडला. उंचीच्या पट्टीला वरचे टोक नाही, म्हणून उंबरठा संदर्भातून आणावा लागतो. सरळपणाच्या पट्टीला कमाल टोक आहे आणि तेच आयता उंबरठा बनते. ‘ओला’ला किमान टोक पुरते, कारण थोडासा ओलावा असला तरी वस्तू ओली ठरते. ‘पूर्ण सरळ’, ‘पूर्ण कोरडा’ हे सहज म्हणता येते आणि ‘पूर्ण उंच’ म्हणता येत नाही, ही याची ओळखण्याची खूण आहे.

क्रिस्टन सिरेट, केनेडी आणि जेफ्री लिड्झ यांनी 2010 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तीन ते पाच वर्षांच्या मुलांना अशाच जोड्या दाखवल्या होत्या. ‘लांब’ आणि ‘मोठा’ यांचा उंबरठा मुले मोठ्यांसारखाच सरकवत होती, आणि दोन्ही वस्तूंवर ठिपके असताना ‘ठिपके असलेली दे’ ही मागणी चुकीची आहे, हेही त्यांना कळत होते. ‘भरलेला’ या शब्दापाशी मात्र लहान मुले सैल होती आणि दोन्ही भांडी अपुरी भरलेली असताना त्यातले अधिक भरलेले देऊन टाकत होती. याचा एक अर्थ असा लावला जातो, की त्यांनी उंबरठा सरकवला नाही, तर टोकापासून किती अंतर चालवून घ्यायचे याबाबत ती मोठ्यांपेक्षा उदार होती. या दोन गोष्टी बाहेरून सारख्या दिसतात. पण ‘सभागृह रिकामे आहे’ असे म्हणणाऱ्याला ‘मागे दोघे बसले आहेत’ असे सांगितले, तर तो ‘हो, म्हणजे जवळजवळ रिकामे’ अशी दुरुस्ती करतो. ‘मीरा उंच आहे’ असे म्हणणाऱ्याला तिच्याहून उंच दोन जणी दाखवल्या, तर त्याला वाक्य दुरुस्त करण्याची गरज पडत नाही.