चढ माहीत आहेत, कोन काढायचाय. पण छेदात शून्य आलं तर?

नमस्कार. आज एका प्रश्नाने सुरुवात करू. दोन रेषा घ्या, एकीचा चढ 1 आणि दुसरीचा 2. आता दुसरी जोडी घ्या, तिथे चढ आहेत 5 आणि 6. दोन्ही जोड्यांमध्ये चढांतला फरक 1 आहे. मग रेषांमधला कोनही दोन्हीकडे सारखाच येईल का?

नाही येत. पहिल्या जोडीत तो साधारण 18.4° आहे आणि दुसऱ्या जोडीत फक्त 1.8° च्या आसपास. कारण चढ म्हणजे कोन नव्हे. रेषा X-अक्षाच्या धन दिशेशी जो कोन करते, त्याचा टॅन म्हणजे चढ. आडवी रेषा 45° पर्यंत उचलली की चढ 0 वरून 1 होतो. पुढच्या 45° मध्ये मात्र तो 1 पासून निघून कुठच्या कुठे जातो. म्हणून उभ्याच्या जवळ आलेली रेषा किंचित हलली तरी चढ भराभर वाढतो. 5 आणि 6 चढाच्या रेषा जवळजवळ एकमेकींना चिकटूनच असतात.

तेव्हा चढांची सरळ वजाबाकी करून चालणार नाही. वजाबाकी करायची ती कोनांची. पहिल्या रेषेचा कोन θ₁, दुसरीचा θ₂, तर दोघींमधला कोन θ₂ − θ₁. आपल्याकडे कोन नाहीत, त्यांचे टॅन आहेत. मग त्रिकोणमितीतलं वजाबाकीचं सूत्र लावा:

[फळ्यावर]

tan(θ₂ − θ₁) = (tan θ₂ − tan θ₁) / (1 + tan θ₁ tan θ₂)

टॅनच्या जागी चढ लिहिले की झालं:

tan θ = | (m₂ − m₁) / (1 + m₁m₂) |

त्या दोन उभ्या दांड्या, म्हणजे केवल मूल्य, कशासाठी आहेत ते थोड्या वेळाने बघू. आधी सूत्र खरं बोलतं का ते तपासू. नुसतं सूत्रात किमती घालून उत्तर काढलं तर ते बरोबर आलं की चुकलं हे कळणार कसं? म्हणून मी मुद्दाम असं उदाहरण घेतलंय, जे चौकटीच्या वहीवर डोळ्यांनीही तपासता येईल.

[चौकटीची वही कॅमेऱ्यासमोर]

आरंभबिंदू O. तिथून दोन चौकटी उजवीकडे आणि एक वर गेलं की A(2, 1). परत O पासून एक चौकट उजवीकडे आणि तीन वर गेलं की B(1, 3). OA चा चढ 1/2, OB चा चढ 3. सूत्रात घाला. वर 3 − 1/2, म्हणजे 5/2. खाली 1 + 3/2, तेही 5/2. भागाकार 1. ज्याचा टॅन 1 तो लघुकोन 45°.

आता सूत्र बाजूला ठेवा. A आणि B जोडा, त्रिकोण तयार झाला. पायथागोरसने बाजू मोजा. OA चा वर्ग 4 + 1 = 5. AB मध्ये एक चौकट डावीकडे आणि दोन वर, वर्ग पुन्हा 1 + 4 = 5. OB चा वर्ग 1 + 9 = 10. पाच आणि पाच दहा! म्हणजे A पाशी काटकोन आणि OA, AB सारख्या लांबीच्या. समद्विभुज काटकोन त्रिकोणात उरलेले दोन्ही कोन 45° चेच असणार. सूत्राशिवायही O पाशी 45° च आला.

हा त्रिकोण पुसू नका, त्यात आपल्याला आयता काटकोनही मिळालाय. A पाशी कोणत्या दोन रेषा भेटतात? OA, चढ 1/2. आणि AB, चढ −2. त्यांचा गुणाकार −1. लंब रेषांची पाठ केलेली अट ती हीच. पण ती येते कुठून?

OA म्हणजे दोन उजवीकडे, एक वर. ही पायरी घड्याळाच्या उलट दिशेने 90° फिरवा. जे उजवीकडे होतं ते आता वर गेलं, आणि जे वर होतं ते डावीकडे गेलं. म्हणजे एक डावीकडे, दोन वर. ही AB चीच पायरी. आडवं आणि उभं यांची अदलाबदल झाली, म्हणून चढ उलटा झाला, 1/2 चा 2. आणि उजवीकडचं डावीकडे गेलं, म्हणून उणे चिन्ह आलं. कोणतीही पायरी घ्या, a उजवीकडे आणि b वर, फिरवल्यावर ती a वर आणि b डावीकडे होणार. b/a आणि −a/b यांचा गुणाकार −1 शिवाय दुसरा येऊच शकत नाही.

आता हेच सूत्रात बघा. m₁m₂ = −1 घातलं तर छेद 1 − 1 = 0. शून्याने भागता येत नाही. इथे बरेच जण लिहितात, "tan θ = ∞, म्हणून θ = 90°". उत्तर बरोबर आहे, पण ती ओळ मला पटत नाही, कारण ती वजाबाकीच्या सूत्रातून येतच नाही. 90° ला टॅनला किंमतच नसते, त्यामुळे हे सूत्र तिथे लागू नाही. सरळ मार्ग हवा असेल तर टॅनऐवजी कॉट घ्या. अपूर्णांक उलटा होतो:

cot θ = (1 + m₁m₂) / (m₂ − m₁)

90° चा कॉट शून्य. म्हणून 1 + m₁m₂ = 0. शून्याने कुठेही भागावं लागलं नाही.

समांतर रेषांबद्दल फार बोलण्यासारखं नाही. कोन 0, tan 0 = 0, म्हणून वरचा m₂ − m₁ शून्य, चढ समान. फक्त एक खबरदारी घ्या. x − 2y + 5 = 0 आणि 2x − 4y + 10 = 0, दोन्हींचा चढ 1/2. पण दुसरं समीकरण म्हणजे पहिल्याची दुप्पट आहे. या दोन समांतर रेषा नाहीत, ही एकच रेषा आहे. चढ समान आले की रेषा वेगळ्या आहेत ना, हेही बघायचं.

आता त्या उभ्या दांड्या. आपल्या उदाहरणात m₁ आणि m₂ ची अदलाबदल केली असती तर उत्तर −1 आलं असतं, म्हणजे 135°. ते चूक नाही. दोन रेषा छेदल्या की दोन मापांचे कोन होतात, 45° आणि त्याचा पूरक 135°. केवल मूल्य घेतलं की नेहमी लघुकोन हाती येतो.

आणि त्रिकोणाच्या गणितात घोळ होतो तो नेमका इथेच. OB ही रेषा O च्या खाली वाढवा. एक डावीकडे, तीन खाली, C(−1, −3). आता त्रिकोण OAC घ्या आणि O पाशी कोन काढा. OA चा चढ 1/2. OC चा चढ −3/−1, म्हणजे पुन्हा 3. सूत्र पुन्हा 45° सांगेल. वहीकडे बघा, कोन सरळसरळ विशाल आहे, 135°. चढाला रेषा कळते, पण त्या रेषेवर तुम्ही कोणत्या बाजूला उभे आहात हे कळत नाही. म्हणून त्रिकोणाचा कोन विचारला असेल तर कच्ची आकृती काढाच. ती नको असेल तर दोन पायऱ्या घ्या, (2, 1) आणि (−1, −3). आडव्याला आडव्याने गुणा, उभ्याला उभ्याने गुणा आणि बेरीज करा: −2 − 3 = −5. बेरीज ऋण आली की कोन विशाल, धन आली की लघु, शून्य आली की काटकोन.

आता माझ्या आवडीचा प्रकार. प्रश्न असा असतो: अमुक बिंदूतून जाणाऱ्या आणि दिलेल्या रेषेशी 45° चा कोन करणाऱ्या रेषा काढा. दिलेला चढ 1/2 असेल तर सूत्रातून (2m − 1)/(2 + m) = ±1 मिळतं. अधिक घेतलं तर m = 3, उणे घेतलं तर m = −1/3. एक रेषा 45° या बाजूला, दुसरी 45° त्या बाजूला, म्हणजे त्या दोघींमध्ये 90° हवेत. गुणाकार करून बघा, −1. परीक्षेत हा पडताळा दहा सेकंदांत होतो.

तोच प्रश्न दुसऱ्या रेषेवर घेऊ. बिंदू (3, 2), रेषा y = x, कोन 45°. चढ 1, म्हणून (m − 1)/(1 + m) = ±1. उणे घेतलं तर m = 0, रेषा y = 2. अधिक घेतलं तर m − 1 = 1 + m. दोन्हीकडचे m उडाले, आणि उरलं −1 = 1.

इथे विद्यार्थी "अशी एकच रेषा आहे" असं लिहून मोकळे होतात. पण 45° दोन्ही बाजूंना मोजता येतात, मग रेषा दोन असायलाच हव्यात. दुसरी गेली कुठे? y = x स्वतः 45° वर आहे. त्यात आणखी 45° मिळवले की 90°, म्हणजे उभी रेषा, x = 3. तिला चढच नाही, त्यामुळे m शोधणाऱ्या समीकरणात ती सापडणार कशी? समीकरणातून m उडून गेला की उभी रेषा सुटली असं समजा आणि ती हाताने लिहा.

लंबाच्या अटीलाही हीच मर्यादा आहे. x = 3 आणि y = 2 एकमेकींना लंब आहेत, पण तिथे गुणाकार −1 म्हणता येत नाही, कारण एका रेषेला चढच नाही. म्हणून अट नीट लिहायची तर "दोन्ही रेषांना चढ असतील तर" हे शब्द हवेत. समीकरणं ax + by + c = 0 या रूपात असतील तर चढ काढूच नका, थेट a₁a₂ + b₁b₂ = 0 तपासा. x = 3 साठी a, b आहेत 1 आणि 0. y = 2 साठी 0 आणि 1. बेरीज शून्य, रेषा लंब. उभ्या रेषेसाठी वेगळं काही करावं लागत नाही.

फोनवर आलेख काढणाऱ्यांसाठी एक गोष्ट. y = 2x आणि y = −x/2 काढल्या आणि त्या लंब दिसल्या नाहीत, तर आधी अक्षांवरची मापं बघा. Y-अक्ष दुप्पट ताणला गेला असेल तर पडद्यावर चढ दिसतात 4 आणि −1, गुणाकार −4. समांतर रेषा मात्र कितीही ताणल्या तरी समांतरच दिसतात, कारण दोन्ही चढ एकाच संख्येने गुणले जातात.

आता तुमच्यासाठी एक. रेषेचा चढ √3, बिंदू (1, 0). त्या बिंदूतून जाणाऱ्या आणि या रेषेशी 30° चा कोन करणाऱ्या सगळ्या रेषांची समीकरणं काढा आणि खाली लिहा. सगळ्या म्हणतोय मी, मोजून घ्या.