एक म्हैस, पंधरा दिवस आणि कायद्याचं गृहीत

श्रोतेहो, नमस्कार.

मुलगी सासरी दगावली, लग्नाला सात वर्षं झालेली नाहीत, मरण नैसर्गिक नाही. अशा वेळी आपल्याकडे गावात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘सात वर्षांच्या आत आहे, आता नवऱ्यालाच सिद्ध करावं लागेल.’ हे वाक्य अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यात खटले पडतात. आज त्या उरलेल्या अर्ध्याबद्दल बोलणार आहे.

त्यासाठी पंजाबातला एक खटला सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने 2015 साली त्याचा निकाल दिला. माणसं शेतकरी आहेत, भाताचं पीक आहे, आणि या गोष्टीत एक म्हैस आहे. खानापूर, चंदगडच्या श्रोत्यांना ती आपल्याच गल्लीतली वाटेल.

लग्न झालं 1990 साली. काही दिवसांनी सासरची माणसं घर बांधायला पैसे मागू लागली. मुलीचा बाप म्हणाला, माझ्याकडे नाहीत. मुलीला त्रास होऊ लागला, ती माहेरी येऊन सांगू लागली. पैसे नव्हते म्हणून बापानं म्हैस दिली. आपल्याकडची बायामाणसं सांगतील, दुभती म्हैस दावणीची सोडून देणं म्हणजे काय असतं. पण मागणी थांबली नाही. 1993 सालच्या ऑगस्टमध्ये, मरणाच्या सुमारे पंधरा दिवस आधी, मुलगी पुन्हा माहेरी आली आणि म्हणाली, पैशासाठी छळतात. बाप आपला भाऊ, गावचा सरपंच आणि दोन प्रतिष्ठित माणसं घेऊन तिच्या सासरी गेला. समोरासमोर बोलणं झालं. बाप म्हणाला, भाताची कापणी होऊ द्या, पीक आलं की पैसे देतो. निपाणी-चिकोडीकडे याच जागी कोणी म्हटलं असतं, कारखान्याचं बिल येऊ द्या. कापणी यायच्या आधीच मुलगी विषानं गेली. लग्नाला चार वर्षंही झाली नव्हती.

बचावाचा मुद्दा जोरदार होता. नवऱ्याच्या वकिलानं 2007 सालचा सर्वोच्च न्यायालयाचाच एक निकाल पुढे केला. तो महाराष्ट्रातल्या एका घराचा होता. तिथं मागणी होती घरखर्चाला आणि शेतात घालायच्या खताला पैसे आणण्याची. न्यायालय तेव्हा म्हणालं होतं, अडचणीपोटी खतासाठी मागितलेले पैसे म्हणजे हुंडा नव्हे. त्या आधारावर हुंडाबळीची शिक्षा रद्द झाली होती. आता हा वकील म्हणाला, घर बांधायचे पैसेही तसेच. लग्नात ठरलेलं काही नाही, मग हुंडा कुठला?

तीन न्यायमूर्तींच्या पीठानं हे मानलं नाही. लग्नानंतर केव्हाही, नवऱ्याकडून किंवा त्याच्या माणसांकडून, लग्नाच्या नात्याच्या जोरावर मुलीच्या माहेराकडे पैसा, मालमत्ता किंवा मौल्यवान वस्तू मागितली गेली, आणि तिचा मरणाशी वाजवी संबंध असेल, तर ती हुंड्याचीच मागणी. 2007 चा निकाल बरोबर नव्हता, असं न्यायालयानं स्पष्ट म्हटलं. दुसरा प्रश्न होता पंधरा दिवसांचा. कायद्यात शब्द आहे ‘मृत्यूच्या थोडे आधी’. न्यायालयानं सांगितलं, ‘थोडे आधी’ म्हणजे ‘लगेच आधी’ नव्हे. मागणी, छळ आणि मरण यांच्यात धागा जिवंत असला पाहिजे. इथं म्हशीपासून सरपंचाच्या बैठकीपर्यंत तो धागा सलग दिसत होता. नवऱ्याची शिक्षा कायम राहिली.

इथं माझं एक मत सांगून टाकतो. आपल्या सीमाभागात हुंडा हा शब्द कोणी उच्चारत नाही. ‘मानपान’ म्हणतात, ‘उसने’ म्हणतात, ‘जावयाला गाडीला मदत’ म्हणतात. मंगल कार्यालयाचा हॉल आणि जेवणावळीचा खर्च तर कोणी मोजतच नाही. त्या जेवणावळींवर बाप कर्जबाजारी होतो, आणि पुढच्या वर्षीच्या मागणीला ‘नाही’ म्हणायची ताकद त्याच्यात उरत नाही. खर्च कमी झाला पाहिजे, हे माझं ठाम मत आहे. असो, विषयाकडे येतो.

आता नीट ऐका, कारण तीन कलमं आहेत आणि ती वेगवेगळी आहेत. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्याआधी घडलेल्या मृत्यूला जुनेच आकडे लागतात, म्हणून दोन्ही सांगतो.

पहिलं, हुंडाबळी: आता कलम 80, पूर्वी 304-ब. शिक्षा कमीत कमी सात वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप. दुसरं, नवऱ्याकडून किंवा त्याच्या नातेवाइकांकडून क्रूरता: आता 85, पूर्वी 498-अ, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. तिसरं, आत्महत्येस प्रवृत्त करणं: आता 108, पूर्वी 306, दहा वर्षांपर्यंत.

गृहीत धरण्याचा नियम मात्र या कलमांत नाही. तो साक्ष कायद्यात, म्हणजे आताच्या भारतीय साक्ष अधिनियमात आहे. तिथल्या कलम 118 प्रमाणे, मरण्याच्या थोडं आधी हुंड्याच्या मागणीवरून या आरोपीनं तिला छळलं, हे आधी दाखवलं गेलं, तर न्यायालयानं ‘गृहीत धरलंच पाहिजे’ की त्यानंच हुंडाबळी घडवला. शेजारच्या कलम 117 प्रमाणे, सात वर्षांच्या आत आत्महत्या आणि क्रूरता दिसली, तर न्यायालय प्रवृत्त केल्याचं ‘गृहीत धरू शकतं’. ‘धरलंच पाहिजे’ आणि ‘धरू शकतं’, या दोन शब्दांत मोठं अंतर आहे. दुसऱ्यात न्यायाधीश बाकीची परिस्थिती पाहून ठरवतात.

आणि 85 ला, म्हणजे क्रूरतेला? तिथं गृहीत धरण्याची सोयच नाही. क्रूरता सरकारी पक्षानंच सिद्ध करायची. पुन्हा सांगतो: क्रूरता गृहीत धरली जात नाही. हुंडाबळीचं गृहीतसुद्धा त्या छळाच्या पुराव्यावरच उभं राहतं. छळ दाखवला नाही तर ‘नवऱ्यानं सिद्ध करावं’ ही वेळच येत नाही. ती आली, तरी नवऱ्याला उलट पुरावा देऊन गृहीत खोडता येतं. उदाहरणार्थ, मरण आजारानं किंवा खऱ्या अपघातानं झालं, हे त्याला दाखवता येतं.

ही कलमं एकमेकांना बाद करत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं 1990 सालीच सांगितलं आहे. हुंडाबळी सिद्ध झाला नाही, तरी क्रूरतेची शिक्षा होऊ शकते. नवरा दारू पिऊन मारत होता, चारित्र्यावर संशय घेत होता, पण मागणी नव्हती, अशी केस 80 खाली उभी राहणार नाही, 85 खाली राहील. लग्नाला सात वर्षं आणि चार महिने झाले असतील, तर 80 संपलं आणि 117 चं गृहीतही संपलं. क्रूरता आणि प्रवृत्त करणं मात्र पुराव्यानं सिद्ध करता येतं. म्हणून लग्नाची तारीख सिद्ध करणारा कागद, मग ती लग्नपत्रिका असो वा नोंदणीचा दाखला, पहिल्या दिवशीच शोधून ठेवा. अशा केसमध्ये त्या तारखेवर एखादा महिना इकडेतिकडे झाला, तर अख्खं कलम हातचं जातं.

आता आपल्याकडे नेमकं काय बिघडतं ते सांगतो. सासर निपाणीकडे, माहेर गडहिंग्लजकडे, आणि फोन रात्री येतो. बाप पोहोचतो तेव्हा पोलीस जबाब कन्नडमध्ये लिहीत असतात. दुःखात असलेला बाप म्हणतो, ‘माझ्या लेकीला लई त्रास देत होते हो.’ कागदावर उतरतं: ‘वारंवार त्रास देत होते.’ बस्स. दीड-दोन वर्षांनी बाप बेळगावच्या न्यायालयात साक्षीला उभा राहतो आणि म्हणतो, गणपतीच्या आधी दहा दिवस ट्रॅक्टरच्या हप्त्याला चाळीस हजार मागितले, मी आणि दोन पंच जाऊन आलो. बचावाचा वकील विचारतो, हे जबाबात आहे का? नाही. मग हे मागाहून घातलं, असा आक्षेप येतो, आणि तो लागूही पडतो. पंजाबच्या बापाकडे सरपंच होता, पंधरा दिवस होते, रकमेऐवजी दिलेली म्हैस होती. तसं काही आपल्या बापाकडेही असतं, पण कागदावर येत नाही.

म्हणून फिर्याद स्वतः लिहून द्या. मराठीत लिहून सही केलेला कागद पोलीस ठाण्यात फिर्याद म्हणून देता येतो. त्यात कोण, काय, किती, केव्हा, कोणासमोर, ही पाच उत्तरं एकेका मागणीगणिक लिहा. शेवटची मागणी सर्वांत सविस्तर लिहा, कारण ‘थोडे आधी’ तिच्यावरच ठरणार आहे. तोंडी सांगितलं असेल, तर नोंदलेला एफआयआर वाचून दाखवायचा आणि प्रत मोफत द्यायची, हे पोलिसांवर बंधनकारक आहे. मराठीत समजावून घेतल्याशिवाय सही करू नका. ठाणं दुसऱ्या हद्दीतलं आहे, एवढ्यावरून नोंद नाकारता येत नाही. शून्य क्रमांकानं नोंदवून फिर्याद योग्य ठाण्याकडे पाठवतात.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट करा. लग्नाला सात वर्षं झाली नसतील आणि आत्महत्या किंवा संशयास्पद मरण असेल, तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यानं, आपल्याकडे बहुतेक वेळा तहसीलदारानं, चौकशी करायची असते, आणि शवविच्छेदन व्हायचं असतं. पंचनाम्याच्या वेळी तहसीलदारांसमोर शेवटची मागणी, तारीख आणि पंचांची नावं सांगा. घाईनं अंत्यविधी उरकू देऊ नका. भाजलेल्या, बुडालेल्या, विष घेतलेल्या देहावरचे पुरावे परत मिळत नाहीत.

आणि सासरच्या सगळ्या घराण्याची नावं लिहू नका. मुंबईला राहणारी नणंद, ऐंशी वर्षांची आजेसासू, या सगळ्यांवर एकच ढोबळ आरोप केला, तर वरचं न्यायालय तो भाग रद्द करतं, आणि खऱ्या आरोपीवरचा विश्वासही ढिला होतो. कलम 118 मधला शब्द ‘अशा व्यक्तीनं’ हा आहे. ज्यानं मागितलं, ज्यानं छळलं, त्याच्यापुरतंच ते गृहीत आहे.

बैठका आपल्याकडे होतातच. मुलगी जिवंत असताना होतात, पंच तडजोड करतात, आणि लिहून कोणी काही ठेवत नाही. एका वहीच्या पानावर तारीख, मागणी काय होती, कोण हजर होतं आणि काय ठरलं, एवढं लिहून पंचांच्या सह्या घेतल्या, तर ते पान त्या मुलीला जिवंतपणी 85 खाली उपयोगी पडतं. ती नवऱ्याचं घर सोडून माहेरी आली असेल, तर माहेरच्या ठाण्यातही तक्रार देता येते, असं सर्वोच्च न्यायालयानं 2019 साली सांगितलं आहे.

नमस्कार.