प्लॉटचा भाव आणि हातात पडणारा पैसा

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, केळी-कापसाचा पैसा हाती आला किंवा नोकरीतून निवृत्तीची रक्कम मिळाली की आपल्याकडे पहिली चौकशी होते ती शहराबाहेरच्या प्लॉटची. दलाल सांगतो, "पंधरा लाखांचा प्लॉट आठ वर्षांत सत्तावीस लाखांना गेला, बारा लाख सुटले." तो खोटं बोलत नाही. फक्त पुढचा हिशोब सांगत नाही. तो आज आपण करू.

समजा जळगाव महापालिका हद्दीच्या कडेला एनए झालेला, तीस बाय पन्नासचा, म्हणजे 1,500 चौरस फुटांचा प्लॉट 1,000 रुपये फुटाने घेतला. किंमत 15 लाख. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क अधिभारासह 6 टक्के, म्हणजे 90,000 रुपये. नोंदणी फी 15,000. दोन टक्के दलाली धरली तर 30,000. वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, मोजणी आणि फेरफारासाठीची धावपळ मिळून 25,000 धरू. खरेदीच्या दिवशीच प्लॉट 16 लाख 60 हजारांना पडला.

फेरफारावर थोडं थांबतो, कारण लोक तिथेच चुकतात. खरेदीखत झालं म्हणजे सातबारावर नाव लागलं असं नाही. नोंद धरल्यावर संबंधितांना नोटीस जाते, पंधरा दिवस हरकतींसाठी असतात आणि मगच मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. हरकत आली तर प्रकरण लांबतं. उतारा हातात घेऊन पाहायचा राहिला, की आठ वर्षांनी गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना जुन्याच मालकाचं नाव दिसतं.

आता सांभाळण्याचा खर्च. चारही बाजू मिळून 160 फूट होतात. खांब आणि तारेचं कुंपण 40,000 धरू. आपल्या काळ्या मातीत पावसाळ्यात हद्दीचे दगड कलतात, बाभळी माजतात, शेजारचा बांधकामाची वाळू आपल्याच प्लॉटात टाकतो. मोकळ्या जागेचा कर आणि साफसफाई मिळून वर्षाला 6,000, म्हणजे आठ वर्षांचे 48,000. प्लॉट आज ग्रामपंचायतीत असला तरी हद्दवाढ झाली की कराचा आकडा बदलतो. वलवाडी धुळे महापालिकेत आली, तसं उद्या कुठेही होऊ शकतं.

एकूण 17 लाख 48 हजार घातले. आता 27 लाखांना विकला. दोन टक्के दलाली 54,000. चोवीस महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवलेल्या जमिनीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर आणि त्यावर चार टक्के उपकर, म्हणजे प्रत्यक्षात तेरा टक्के. (23 जुलै 2024 च्या आधी घेतलेल्या जमिनीला महागाई निर्देशांक धरून 20 टक्क्यांचा पर्याय आहे, तोही ताडून पाहावा.) खरेदीखर्च, कुंपण आणि दलाली वजा केली की नफा 9 लाख 46 हजार आणि कर साधारण 1 लाख 23 हजार. दरवर्षीचा मालमत्ता कर मात्र या नफ्यातून वजा होत नाही.

हातात आले 25 लाख 23 हजार. बारा लाखांचे झाले पावणेआठ लाख. वार्षिक परतावा काढला तर पावणेपाच टक्क्यांच्या आसपास बसतो. नुसत्या भावावरून मात्र तो साडेसात टक्क्यांच्या वर दिसत होता. प्लॉटसाठी कर्ज काढलं असेल तर व्याज यात धरलेलंच नाही.

रेडी रेकनरचा फटका वेगळाच. समजा सरकारी दराने प्लॉटची किंमत 31 लाख 50 हजार निघते आणि गिऱ्हाईक 27 लाखांच्या वर येत नाही. फरक दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर कर सरकारी किमतीवरच मोजला जातो, म्हणजे न मिळालेल्या साडेचार लाखांवर आणखी 58,500 रुपये. मुद्रांकही त्याच किमतीवर आणि घेणाऱ्यालाही त्या फरकावर कर. तो तेवढी सूट तुमच्याकडेच मागणार.

आणि "कागदावर पाच लाख कमी दाखवू" असं कुणी म्हणालं तर ते बेकायदेशीर आहेच, वर आतबट्ट्याचंही आहे. खरेदीत मुद्रांक आणि नोंदणी मिळून सात टक्क्यांनी 35,000 वाचतील, पण विकताना तेच पाच लाख नफ्यात मोजले जाऊन 65,000 कर पडेल. विसार रोखीने वीस हजार किंवा त्याहून जास्त घेतला तर दंड आणखी वेगळा.

उरला वेळ. साठ प्लॉटांच्या लेआउटमध्ये घर एकही नाही आणि सगळेच मालक गुंतवणूकदार, अशा ठिकाणी विकायला गेलं की डेव्हलपरच्या शिल्लक प्लॉटांशीच स्पर्धा असते. तो हप्त्यांवर देतो, तुम्हाला एकरकमी हवेत. त्याच 27 लाखांसाठी दोन वर्षं जास्त थांबलात तर परतावा पावणेचार टक्क्यांवर येतो.

म्हणून डेव्हलपरचा आजचा दर विचारू नका. त्याच गटातला कुणी एकाने दुसऱ्याला पुन्हा विकलेला प्लॉट शोधा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक दोनमध्ये त्या दस्ताची तारीख आणि रक्कम दिसते. रक्कम कमी दाखवलेली असू शकते, पण असे दस्त दोन वर्षांत किती झाले ते लपत नाही. एकही सापडला नाही, तर तिथे विक्रीचा भाव अजून ठरलेलाच नाही.