रविवारी येऊन राहिलो आम्ही

नमस्कार मंडळी. चहा ठेवायचा असेल तर ठेवा, मी पुढची काही मिनिटं स्थळांबद्दल बोलणार आहे, आणि त्यातही फक्त एका मेसेजबद्दल. नात्यागोत्यातली बरीच लग्नं जुळवताना मी मधे असते, मध्यस्थ म्हणा हवं तर, आणि माझ्या पाहण्यात अर्धी बोलणी पत्रिकेवरून किंवा पगारावरून नाही, तर पहिल्या भेटीचं कसं विचारलं त्यावरून बिघडतात.

मध्यंतरी माझ्या मामेबहिणीचा फोन आला. तिच्या मुलासाठी एका मुलीचा बायोडाटा मीच दिला होता, त्रिमूर्तीनगरची मुलगी, पुण्यात नोकरीला. म्हणे ताई, मी मेसेज टाकला पण दोन दिवस झाले, निळ्या टिक आल्या अन् उत्तरच नाही, काहून असं? म्हटलं वाचून दाखव. तिनं वाचला: "नमस्कार भाऊसाहेब, आपल्या मुलीचा बायोडाटा आम्हाला पसंत आहे. या रविवारी सकाळी 11 ला मुलगी पाहायला येऊन राहिलो. सोबत सात-आठ जण राहू. लोकेशन पाठवा."

आता बघा, यात एकही शब्द वाईट नाही. बाई मनानं साधी आहे, तिला वाटलं स्पष्ट लिहिलं की काम लवकर होतं. पण समोरच्या घरी हा मेसेज पोचला तेव्हा काय झालं असेल? मुलगी पुण्यात, रविवारी यायचं म्हणजे शुक्रवारी रात्रीची गाडी, मे महिन्यात रिझर्वेशन मिळालं तर मिळालं, आणि सोमवारची सुट्टी वेगळी मागायची. घरी आई हिशोब करते की आठ ते आणि चार आपण, म्हणजे बारा माणसांची सांबारवडी सकाळी सातपासून तळायला घ्यावी लागणार, तर्री पोहे आहेतच, आणि 11 वाजता म्हणजे पाहुणे निघतील तेव्हा डोक्यावर नागपूरचं ऊन. नाही म्हणावं तर कसं म्हणावं, "येऊन राहिलो" म्हटलंय, विचारलं कुठंय? मग माणूस काय करतो, गप्प बसतो.

मी तिला म्हटलं, तो मेसेज राहू दे, आता मी आधी त्यांच्याशी बोलते. मी मुलीच्या मावशीला दोनच गोष्टी विचारल्या. मुलीनं स्वतः मुलाचा बायोडाटा पाहिला का, आणि ती नागपुरात कधी आहे. पहिलीचं उत्तर आलं, "अजून दाखवला नाही, बाबा म्हणाले आधी आपण बघू." म्हणजे बघा, ज्या मुलीला बघायला आठ जण निघाले होते तिला मुलाचं नावही माहीत नव्हतं! मग तिला पाठवला, तिनं पाहिला, भेटायला हरकत नाही म्हणाली, आणि 12 ते 21 घरी येतेय असं कळलं. पत्रिकेचंही तेव्हाच विचारून घेतलं. माझा अनुभव असा की ज्यांना पत्रिका पाहायची आहे त्यांनी भेटीआधीच पाहावी, चहा पिऊन, तासभर बोलून, मुलामुलीनं एकमेकांचा नंबर घेतल्यावर "एकनाडी निघाली हो" सांगितलं की खरी निघाली असली तरी समोरच्याला ते कारण काढल्यासारखंच वाटतं. इथं दोन्ही घरं पत्रिका बघत नाहीत, तो विषय संपला.

मग आम्ही दोघींनी बसून नवीन मेसेज लिहिला. वाचते.

"नमस्कार भाऊ आणि वहिनी. मागचा मेसेज घाईत लिहिला, आधी तुम्हाला विचारायला हवं होतं, माफ करा. आमच्या मुलानं बायोडाटा पाहिला, त्याला भेटायला आवडेल. तुम्हाला आणि ताईला योग्य वाटलं तर एकदा फक्त ओळखीपुरतं भेटू. 14 चा रविवार किंवा 20 चा शनिवार, संध्याकाळी सहानंतर, नाहीतर तुम्ही सुचवाल तो दिवस. आम्ही तिघंच येऊ, तासभर, चहा पुरे. घरी नको असेल तर बाहेर कुठं बसू. सवडीनं, आठवडाभरात मधल्या ताईंना सांगितलं तरी चालेल, आणि नाही जमलं तरी मनात काही धरणार नाही."

यातला "तिघंच" हा शब्द मामेबहिणीला खटकला. म्हणे मोठ्या जाऊबाई रुसतील, आत्याला नाही नेलं तर वर्षभर ऐकावं लागेल. बरोबर आहे तिचं. पण आकडा मेसेजमध्ये लिहून टाकला की तिचीच सोय होते, "त्यांना तिघं सांगितलंय, आता कसं वाढवू" असं जाऊबाईंना सांगता येतं. दोन तारखा का? एकच दिली आणि त्या दिवशी खरंच घरी बारसं असलं तरी "जमणार नाही" हा नकार वाटतो, आणि "कधीही सांगा" म्हटलं तर ठरवायचं सगळं ओझं त्यांच्यावर. निरोप माझ्याकडे का, तर मुलाच्या आईला थेट नाही म्हणणं आपल्याकडे अजूनही जड जातं, मला म्हणता येतं. ऐकून घ्यायलाच तर मी मधे आहे.

आणि एक गोष्ट मेसेजमध्ये नव्हती, पण मी तिच्याकडून कबूल करून घेतली. पर्समध्ये खण-नारळ न्यायचा नाही, पाकीट तर नाहीच. आमच्याच घरातली गोष्ट आहे, पंधरा वर्षं झाली असतील, माझ्या पुतणीला बघायला अकरा जण आले होते, आणि निघताना मुलाच्या आजीनं हौसेनं तिच्या हातावर 501 रुपये आणि नारळ ठेवला. पोरीला मुलगा पटला नव्हता. तो नारळ देवघरासमोर आठ दिवस पडून होता, फोडायचा तर होकार झाला आणि परत पाठवायचा तर अपमान. माझी जाऊ रोज त्याच्याकडे बघायची अन् पदरानं तोंड पुसायची. शेवटी नकार गेलाच, पण त्या घराशी आजही लग्नकार्यात नजर चुकवतो आम्ही.

तर निरोप पाचव्या दिवशी आला, 20 तारीख, संध्याकाळी साडेसहा, आणि घरी नको, मुलगी म्हणते फुटाळ्याकडे कुठंतरी बसू. मामेबहीण जरा हिरमुसली, घर पाहायचं होतं तिला. म्हटलं घर कुठं पळून जातं का बाप्पा. तिघं गेले, ते तिघं आले, चहा झाला, मग मोठी माणसं मुद्दाम बाजूच्या टेबलावर सरकली आणि मुलंमुलं वीस मिनिटं बोलली. उठताना मुलीच्या बाबांनी सवयीनं विचारलं, "मग, कसं काय?" माझी बहीण म्हणाली, "भाऊ, आता नका विचारू, घरी जाऊन चार दिवस बोला, आम्हीही बोलतो, ताईंना कळवू."

चार दिवसांनी मुलीकडून नकार आला. तिला पुणे सोडायचं नाही, याचा धंदा इथंच बर्डीवर, कुणाचं चुकलं नाही. मी बहिणीला फोन लावला, थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली काय लिहू त्यांना. दोघींनी मिळून लिहिलं, "कळवल्याबद्दल आभार, ताई आवडली आम्हाला, तिला चांगलं स्थळ मिळो." कारण विचारलं नाही, "अजून एकदा विचार करा" नाही.

तिकडून दहा मिनिटांत वहिनींचा फोन आला, मेसेज नाही, फोन. म्हणाल्या, माझ्या भाचीचं बघून राहिलो आम्ही, बुटीबोरीला असते, नागपूर सोडायचं नाही म्हणते, तिचा बायोडाटा पाठवू का? बहीण म्हणाली, "पाठवा, पण आधी तिला विचारलंय ना?"